एक तृतीयांश येतो कुठून?

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. डावीकडचा खालचा कोपरा हा आपला आरंभबिंदू, आणि चौरसाची अख्खी बाजू म्हणजे आपलं १ एकक. आता खालच्या बाजूवर जितकं उजवीकडे सराल, त्या अंतराच्या वर्गाइतक्या उंचीवर एक टिंब द्या. ०.१ अंतरावर उंची ०.०१, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. ०.५ वर ०.२५, म्हणजे अडीच सेंटिमीटर. ०.९ वर ०.८१ आणि अगदी टोकाला, १ वर, १. ही टिंबं हाताने जोडली की आधी तळाला चिकटून चालणारी आणि मग झपाट्याने वर चढणारी एक वक्ररेषा मिळते. हाच अन्वस्त, कॉलेजात ज्याला पॅराबोला म्हणतात तो. त्याचं समीकरण y = x².

या वक्ररेषेच्या खाली चौरसाचा किती भाग येतो? उत्तर आहे बरोबर एक तृतीयांश. साधारण तेवढा नव्हे, तर नेमका तिसरा हिस्सा. बारावीत इंटिग्रेशन शिकलेल्या कुणालाही हे उत्तर एका ओळीत देता येतं, कारण सूत्र पाठ असतं. पण सूत्राने उत्तर काढलं की खरी नवलाची गोष्ट नजरेआड होते. वाकड्या कडेच्या आकृतीचं क्षेत्रफळ इतकं सुबक का यावं? आणि त्यात तीन हा आकडाच कुठून यावा? ही दोन्ही उत्तरं आयत, बेरीज आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर मिळतात.

आपल्याला हक्काने मोजता येतं ते आयताचं क्षेत्रफळ. तेव्हा तळाच्या बाजूचे दहा सारखे भाग करा आणि प्रत्येक भागावर एक उभी पट्टी उभारा. पट्टीची रुंदी १० मिलिमीटर. उंची मात्र दोन प्रकारे घेता येते. पट्टीच्या डाव्या कडेवर वक्ररेषा जिथे असेल तिथेच पट्टी थांबवली, तर ती वक्ररेषेच्या आतच राहते. अशा पट्ट्यांच्या उंच्या मिलिमीटरमध्ये लिहून पाहा: ०, १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१. सगळे पूर्ण वर्ग! बेरीज २८५, रुंदी १०, म्हणजे २८५० चौरस मिलिमीटर. पूर्ण चौरस १०,००० चौरस मिलिमीटरचा आहे, म्हणून हा हिस्सा ०.२८५. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ याहून जास्त आहे हे नक्की, कारण प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर एक निमुळता तुकडा मोजायचा राहिला आहे.

आता उंची उजव्या कडेवरून घ्या. मग पट्ट्या वक्ररेषेच्या बाहेर डोकावतात आणि उंच्या होतात १, ४, ९ पासून १०० पर्यंत. बेरीज ३८५, क्षेत्रफळ ३८५० चौरस मिलिमीटर, हिस्सा ०.३८५. हे खऱ्यापेक्षा जास्त. म्हणजे खरं क्षेत्रफळ ०.२८५ आणि ०.३८५ यांच्या मध्ये कोंडलं गेलं.

या दोन बेरजांमधला फरक बरोबर ०.१ आहे, आणि तो योगायोग नाही. आतली आणि बाहेरची पट्टी यांच्यात प्रत्येक ठिकाणी एक लहान आयत उरतो. हे दहाही लहान आयत आडवे सरकवत शेवटच्या पट्टीत नेले, तर ते एकावर एक नीट बसतात, कारण एकाचा वरचा काठ जिथे संपतो तिथेच पुढच्याचा खालचा काठ सुरू होतो. दहांनी मिळून शेवटची पट्टी तळापासून माथ्यापर्यंत भरते. म्हणून आपली जास्तीत जास्त चूक किती, तर एका पूर्ण उंच पट्टीएवढी. पट्ट्या शंभर केल्या तर ही चूक ०.०१ वर येईल, हजार केल्या तर ०.००१ वर. एकही बेरीज न करता एवढं आधीच कळतं. वक्ररेषा सतत चढती असल्यामुळे ही सोय आहे. मध्येच खाली उतरणाऱ्या रेषेला ती उतरते तिथे तोडून दोन भाग वेगळे हाताळावे लागतात.

पट्ट्या शंभर करायच्या, तर शंभर वर्गांची बेरीज आली. १ चा वर्ग, २ चा वर्ग, असं करत १०० चा वर्ग. हाताने शक्य आहे, पण हजार पट्ट्यांना ते चालणार नाही, आणि ‘कितीही पट्ट्या’ म्हटल्यावर तर मुळीच नाही. इथे एक जुना नियम कामाला येतो. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त तो आहे आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त तो फार सोईच्या रूपात दिला आहे. त्यांचा मार्ग असा: आधी साध्या संख्यांची बेरीज घ्या, मग शेवटच्या संख्येच्या दुपटीत एक मिळवा, त्याला तीनने भागा आणि दोन्ही गुणा. दहापर्यंत करून पाहू. १ ते १० ची बेरीज ५५. दहाची दुप्पट २०, अधिक एक २१, भागिले तीन ७. पंचावन्न साते तीनशे पंच्याऐंशी. आपण वर पट्ट्यांच्या उंच्या मिळवून काढलेला आकडा हाच. आजच्या लेखनात हा नियम असा दिसतो:

१² + २² + … + n² = n × (n + १) × (२n + १) ÷ ६

बहुतेक पुस्तकं हे सूत्र सरळ हातात देतात किंवा गणिती विगमनाने सिद्ध करतात. विगमनाने ते खरं आहे हे पटतं, पण सहाने भागायचं कशासाठी, ते कळत नाही. केरळचे नीलकंठ सोमयाजी यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिलं, आणि त्यात अशा बेरजा घनाकृती रचून डोळ्यांना दाखवल्या. त्याच धर्तीवरची रचना इथे लहान आकड्यांत पाहू. हाताशी सारख्या मापाचे लाकडी ठोकळे असतील तर आणखी बरं.

१, २ आणि ३ यांच्या वर्गांची बेरीज १ + ४ + ९, म्हणजे १४. ही बेरीज सहा वेळा घेऊ, म्हणजे ८४ ठोकळे झाले. आता ३ ठोकळे उंच, ४ रुंद आणि ७ लांब असा खोका कल्पा. त्यात ३ × ४ × ७ म्हणजे ८४ ठोकळे बसतात. ते कसे बसतात ते बघा. आधी नऊ-नऊचे सहा गट, म्हणजे ५४ ठोकळे घ्या. तळाला ४ × ७ चा एक थर द्या, २८ गेले. उरलेल्या दोन ठोकळ्यांच्या उंचीत एका लांब बाजूने भिंत घाला, २ × ७ म्हणजे १४ गेले. मग दोन्ही टोकांना एकेक भिंत, प्रत्येकी २ × ३ ची, मिळून १२. एकूण ५४, एकही शिल्लक नाही. आत जी पोकळी राहिली तिची मापं २, ३ आणि ५. त्यात ३० ठोकळे मावतात. आता चार-चारचे सहा गट घ्या, २४ ठोकळे. त्याच पद्धतीने तळ, एक बाजू आणि दोन टोकं भरली की आत १ × २ × ३ एवढी पोकळी उरते. ती शेवटच्या सहा ठोकळ्यांनी भरते. खोका पूर्ण.

मोठ्या आकड्यांनाही हेच लागू पडतं. n उंच, n + १ रुंद आणि २n + १ लांब अशा खोक्यातून त्याच्या आतला एक पायरी लहान खोका वजा केला, तर बाकी नेहमी ६ × n² येते. म्हणजे प्रत्येक पायरीला एका वर्गाच्या सहा प्रती लागतात, ना कमी ना जास्त. सूत्रातला ६ हा त्या सहा प्रतींचा आहे. आणि खोक्याची लांबी उंचीच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे लक्षात राहू द्या. आपला तीन तिथे दडलेला आहे.

आता पट्ट्यांकडे वळू. पट्ट्या दहाऐवजी n घेतल्या. प्रत्येकीची रुंदी १/n. उजव्या कडा १/n, २/n, ३/n अशा, म्हणून उंच्या त्यांचे वर्ग: १/n², ४/n², ९/n² वगैरे. सगळ्यांत n² हा छेद समान आहे, तो बाहेर काढला की आत १ + ४ + ९ + … + n² एवढीच बेरीज उरते. रुंदीचा आणखी एक n छेदात जातो. म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ

n × (n + १) × (२n + १) ÷ (६ × n³)

छेदातले तीन n अंशातल्या तीन गुणकांना एकेक वाटून द्या. पहिला होतो १, दुसरा १ + १/n, तिसरा २ + १/n. एवढं करताच सगळं स्वच्छ दिसू लागतं. n वाढत जाईल तसा १/n विरत जातो, आणि उरतं १ × १ × २ ÷ ६. म्हणजे एक तृतीयांश. खोक्याच्या शब्दांत सांगायचं तर n खूप मोठा झाल्यावर खोका n उंच, n रुंद आणि २n लांब यापेक्षा वेगळा उरत नाही. त्याचं घनफळ २n³, त्यात वर्गांच्या बेरजेच्या सहा प्रती, म्हणून एका प्रतीला n³ चा तिसरा हिस्सा. वक्ररेषेखालच्या क्षेत्रफळातला तीन येतो तो असा.

गुणाकार उलगडून लिहिला तर आणखी बारकावा दिसतो. बाहेरची बेरीज म्हणजे १/३ + १/(२n) + १/(६n²), आणि आतली बेरीज म्हणजे १/३ − १/(२n) + १/(६n²). शंभर पट्ट्यांना आतली बेरीज ०.३२८३५ येते आणि बाहेरची ०.३३८३५. दोन्हींची सरासरी ०.३३३३५. सरासरी घेतली की १/(२n) ही मुख्य चूक दोन्हीकडून कटते आणि फक्त १/(६n²) ही किरकोळ चूक राहते. ज्यांना गणनयंत्रावर झटपट अंदाज हवा असतो, त्यांनी पट्ट्या वाढवत बसण्यापेक्षा ही सरासरी घेणं केव्हाही चांगलं.

इथवर आल्यावर एक रास्त शंका मनात येते. n कितीही मोठा घेतला तरी १/n शून्य होत नाही. पट्ट्या वक्ररेषेला तंतोतंत कधीच चिकटत नाहीत. मग ‘नेमका’ एक तृतीयांश कोणत्या हक्काने म्हणायचं? पट्टीची रुंदी शून्य होते असं कुणी सांगितलं तर अडचण वाढतेच, कारण शून्य रुंदीच्या कितीही पट्ट्या मिळवल्या तरी क्षेत्रफळ शून्यच. सीमा या कल्पनेचं सगळं मर्म या शंकेच्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर रुंदी कुठेही शून्य न करता देता येतं.

समजा कुणी म्हणालं की क्षेत्रफळ एक तृतीयांश नसून त्याहून किंचित कमी, ०.३३३ आहे. हा आकडा १/३ पेक्षा १/३००० ने कमी आहे. आपण पट्ट्या १५०० घेऊ. आतल्या बेरजेतली तूट १/(२n), म्हणजे १/३०००, आणि त्यात १/(६n²) ची थोडी भर पडते, म्हणून तूट १/३००० पेक्षा जराशी कमीच. हिशेब केला तर आतली बेरीज ०.३३३००००७ च्या आसपास येते. पण या पट्ट्या सगळ्या वक्ररेषेच्या आत आहेत! आत मावलेल्या पट्ट्याच ०.३३३ पेक्षा जास्त जागा व्यापत असतील, तर वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ ०.३३३ असणं शक्य नाही. उलट कुणी ०.३३४ म्हणालं, तर ८०० पट्ट्या घ्या. बाहेरची बेरीज साधारण ०.३३३९६ येते. क्षेत्रफळ झाकून बाहेर उरणाऱ्या पट्ट्याच ०.३३४ पेक्षा कमी आहेत, तेव्हा तोही दावा पडला.

१/३ च्या कितीही जवळचा दुसरा आकडा आणा, त्याला खोटं पाडायला पुरेशा पट्ट्या आपल्याकडे असतात, आणि त्या नेहमी मोजता येण्याइतक्या, मर्यादितच असतात. एक तृतीयांश हा एकच आकडा असा आहे की तो प्रत्येक आतल्या बेरजेच्या वर आणि प्रत्येक बाहेरच्या बेरजेच्या खाली राहतो. म्हणून तोच क्षेत्रफळ. पट्ट्या तिथे ‘पोहोचतात’ की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही. दुसऱ्या कुठल्याही आकड्याला जागा राहिलेली नाही, ही सिद्धता आहे, आणि ती पूर्ण सिद्धता आहे. सीमेचा विषय वर्गात शिकवताना n अनंताकडे नेण्याची चिन्हं फळ्यावर लगेच येतात आणि हा युक्तिवाद मागे पडतो. माझ्या मते तो आधी यायला हवा.

हे गणित स्वतः करताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिली चूक म्हणजे रुंदीने गुणायचं विसरणं. मग छेदात n³ ऐवजी n² राहतो आणि पट्ट्या वाढवाव्या तसं उत्तरही वाढत जातं. हजार पट्ट्यांना ते तीनशेच्या पुढे जाईल, आणि आपला अख्खा चौरस तर १ एककाचा! दुसरी चूक जास्त फसवी आहे. आतल्या पट्ट्यांची बेरीज ० पासून n − १ पर्यंतच जाते, पण सूत्र घाईत n साठीच वापरलं जातं. सीमा तरीही १/३ च येते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मधले सगळे आकडे मात्र चुकलेले असतात. दोन्ही चुका पकडायला एक सोपी परीक्षा आहे. n = १ घाला. एकच पट्टी असेल तर बाहेरची पट्टी म्हणजे पूर्ण चौरस, तिचं क्षेत्रफळ १ यायलाच हवं. आतली पट्टी म्हणजे नुसती तळरेषा, तिचं क्षेत्रफळ ०. n = २ ला बाहेरची बेरीज ०.६२५ आणि आतली ०.१२५. हे चार आकडे जुळले की पुढच्या बीजगणितावर विसंबायला हरकत नाही.

उत्तर बरोबर आहे याचा एक अगदी वेगळा साक्षीदारही आहे, आणि तो बावीस शतकांपूर्वीचा आहे. आर्किमिडीज यांनी अन्वस्ताचं क्षेत्रफळ काढलं ते आयतांनी नव्हे, त्रिकोणांनी. अन्वस्ताला एक जीवा छेदत असेल, तर जीवा आणि अन्वस्त यांच्यामधला भाग आत बसवलेल्या त्रिकोणाच्या चार तृतीयांश असतो, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या आकृतीवर तो पडताळता येतो. आपली वक्ररेषा डावीकडेही आरशातल्यासारखी काढा आणि दोन्ही टोकं १ उंचीवर आडव्या रेषेने जोडा. त्या रेषेखालचा पूर्ण आयत २ एककांचा. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ दोन्हीकडचं मिळून २/३. म्हणून मधला भाग ४/३. आतल्या त्रिकोणाचा पाया २, उंची १, क्षेत्रफळ १. चार तृतीयांशच आले. आर्किमिडीज यांनी पुढे उरलेल्या तुकड्यांत पुन्हा त्रिकोण बसवत नेले आणि १ + १/४ + १/१६ अशी बेरीज केली. वाट निराळी, मुक्काम तोच. सीमा हा शब्द न वापरता त्यांनीही ‘जास्त असू शकत नाही आणि कमीही असू शकत नाही’ असाच शेवट केला.

पट्ट्यांच्या या रीतीला मर्यादा आहे, आणि ती बेरजेच्या सूत्राची मर्यादा आहे. वर्गांच्या बेरजेला सुटसुटीत सूत्र मिळालं म्हणून आपलं निभावलं. वर्गमुळांच्या बेरजेला असं सूत्र नाही. तरी y = √x या वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ आपल्याला आता फुकट मिळतं. तीच आकृती कर्णावर उलटवली की आधी वक्ररेषेच्या वर असलेला भाग नव्या वक्ररेषेच्या खाली येतो, म्हणजे १ − १/३, दोन तृतीयांश. १/x च्या वक्ररेषेला मात्र सारख्या रुंदीच्या पट्ट्या आणि कुठलंही सूत्र पुरत नाही. तिथे लॉगरिथम लागतो.

वर्गांच्या जागी घन घेऊन हे सगळं घरी करून बघा. y = x³ ही वक्ररेषा, तोच चौरस, त्याच पट्ट्या. घनांच्या बेरजेचा नियमही ‘लीलावती’त आहे आणि तो आणखी सोपा आहे: साध्या संख्यांच्या बेरजेचा वर्ग करा. १ ते १० च्या घनांची बेरीज ५५ चा वर्ग, म्हणजे ३०२५. छेदात या वेळी n चा चौथा घात येईल. आधी n = १ घालून बाहेरची बेरीज १ येते ना, ते तपासा, मग n वाढवत न्या. उत्तर पाव आलं की हिशेब बरोबर झाला.